बाळाचे गाल खरखरीत, मान मात्र ओली: एकच इसब की दोन वेगळी दुखणी?

पावसाळी_गोरेगाव
बाळ ५ महिन्यांचं, फक्त अंगावरच्या दुधावर. जूनच्या सुरुवातीपासून दोन्ही गाल लालसर आणि खरखरीत, झोपेत गाल चादरीला घासत राहतं. हातांच्या बाहेरच्या बाजूला, कोपराजवळ तसेच दोन चट्टे. नाकाचा शेंडा आणि लंगोटाची जागा एकदम स्वच्छ. पण मानेच्या घडीत आणि डाव्या काखेत लाल आणि ओलं आहे. डॉक्टरांनी गाल बघून इसब सांगितलं आणि १ टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन मलम व मॉइश्चरायझर दिलं. चार दिवसांत गाल निम्मे बरे झाले. तेच मलम आम्ही मानेलाही लावलं, तर तिथे उलट वाढलं. मान तेव्हा डॉक्टरांना दाखवायची राहून गेली होती.
प्रश्न तीन. हे एकच आहे का? मुंबईच्या या हवेत नक्की कशाने उसळतं? आणि जंतुसंसर्ग झालाय हे घरी कसं ओळखायचं, म्हणजे कधी थांबायचं आणि कधी धावायचं?

विरारफास्ट
धागा वाचायला बसलोय. घरात ४ महिन्यांचे गाल आहेत आणि सल्ला देणारे ११ जण.

आजीबाईचा_बटवा
अगो, गालांना साय आणि हळद लाव, आंघोळीला मसूर डाळीचं पीठ. साबण बंद कर. आमच्याकडे कुठल्याच पोराला मलम लागलं नाही.

सौ_डोंबिवली
हे शंभर टक्के आईच्या खाण्यातून येतं. दूध, अंडं, गहू, शेंगदाणे, वांगं सगळं बंद करा. महिनाभरात गाल लोण्यासारखे होतील.

गणूचा_बाबा
माझ्या बोटांच्या बेचक्यात दर पावसाळ्यात असंच होतं. तुरटीच्या पाण्याने जातं. करून बघा.

विरारफास्ट
गणूचे बाबा, बाळ अजून भांडी घासत नाही हो.

एप्रनवाली
पावसाळी, तुम्ही जे वर्णन केलंय त्यातच अर्धं उत्तर आहे, म्हणून आधी तेवढंच घेते. बाकीच्यांच्या उपायांकडे नंतर येते.

या वयात इसब गालांवर, कपाळावर, डोक्यावर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो. कोपराच्या आत आणि गुडघ्यामागे तो बहुतेक वेळा नंतर, मूल रांगायला-चालायला लागल्यावर सरकतो. नाकाचा शेंडा आणि लंगोटाची जागा तो सहसा सोडून देतो. तिथे ओल टिकून राहते, कातडी सुकत नाही. म्हणजे गाल आणि कोपरं इसबाचीच.

पण ५ महिन्यांच्या बाळाच्या मानेची घडी ही वेगळी जागा आहे. बाळाला मान म्हणून काही नसतंच, हनुवटीखाली थेट छाती. तिथे लाळ, ओकलेलं दूध आणि घाम साठतो, कातडीला कातडी घासते आणि हवा लागत नाही. आधी नुसती सालं निघतात, मग त्या ओलीत बुरशी वाढते. हायड्रोकॉर्टिसोनसारखं स्टेरॉइडचं मलम दाह दाबतं, बुरशीला हात लावत नाही. उलट तिथली प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशीचं फावतं. दोन-तीन दिवस लाली कमी दिसते आणि मग पसरते.

आता घडी उघडून, दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ बघा आणि सांगा: लाल भागाच्या कडेबाहेर, चांगल्या कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे सुटे लाल ठिपके आहेत का? पांढरट थर आहे का? वास येतो का? बाळ हात लावल्यावर कळवळतं का?

पावसाळी_गोरेगाव
ताई, आत्ताच पाहिलं. ठिपके आहेत, छातीकडे सात-आठ. घडीच्या तळाशी पांढरट काहीतरी आहे, पुसलं की निघतं. वास नाही. पुसताना कुरकुरतं, पण रडत नाही.

एप्रनवाली
ते सुटे ठिपके बुरशीची ओळखीची खूण. मानेला हायड्रोकॉर्टिसोन आजपासून बंद आणि घडी डॉक्टरांना दाखवा. बहुधा १ टक्क्याचं क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा देतील, दोनेक आठवडे. लाली चार-पाच दिवसांत जाते आणि तिथेच घरचे थांबतात, मग पुढच्या आठवड्यात परत. जितके दिवस सांगितलेत तितके लावा.

एक मात्र लक्षात ठेवा. घडी लालभडक, गुळगुळीत, कडा रेखल्यासारख्या, बाहेर सुटे ठिपके नाहीत, घाण वास आणि हात लावू देत नाही असं झालं तर ती बुरशी नसून स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग असू शकतो. त्याला बुरशीचं मलम चालत नाही, बहुतेकांना तोंडाने अँटिबायोटिक द्यावं लागतं. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तर वास आणि ठिपके विचारले.

पाळणाघर_पार्ले
घडी कोरडी करणं हे कामच आहे, आणि ते पुसून होत नाही, टिपून होतं. बाळाला मांडीवर उताणं घ्या, खांद्याखाली हाताचा आधार द्या म्हणजे डोकं जरा मागे जाऊन घडी आपोआप उघडते. जुन्या सुती साडीचा तुकडा कोमट पाण्यात पिळून दुधाचा चिकटा काढा, दुसऱ्या कोरड्या तुकड्याने टिपा, मग दोन मिनिटं पंख्याच्या हवेत उघडी राहू द्या. त्यानंतरच मलम, आणि तेही पातळ. प्रत्येक दुधानंतर नाही जमलं तर दिवसातून चार-पाच वेळा तरी.
पावडर अजिबात नको. घामात तिचा लगदा होतो, तोच घासतो. शिवाय बाळाच्या तोंडाशी पावडर उडवणं फुप्फुसाला वाईट.

आजीबाईचा_बटवा
पावडर नाही, साय नाही, पीठ नाही. मग बाळाला वास कसला येणार, हॉस्पिटलचा?

पाळणाघर_पार्ले
बाळाचाच येऊ द्या की आजी!

केमिस्टकाका
काउंटरच्या अलीकडून दोन शब्द. बाळाच्या अंगावर लाल दिसलं की लोक येऊन 'गजकर्णाची ट्यूब द्या' म्हणतात आणि घेऊन जातात ती तीन-चार औषधांची मिसळ: क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन, सोबत बुरशीचं एक, जंतूंचं एक. दोन दिवसांत जादू होते, कारण आतलं स्टेरॉइड तगडं असतं. क्लोबेटासॉल हे सगळ्यात जोरकस गटातलं. ते बाळाच्या गालावर किंवा जांघेत, वरून डायपर घट्ट बसवून लावलं तर कातडी पातळ होते आणि औषध रक्तातही उतरतं. २०१८ साली स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी विकली जातात, हे काउंटरवर उभं राहणाऱ्याला सांगायला नको. ट्यूब उलटी करून घटकांची ओळ वाचा. हायड्रोकॉर्टिसोन एकटं असेल तर ठीक, 'क्लोबेटा' किंवा 'बीटामेथा' दिसलं की बाळाला लावण्याआधी डॉक्टरांना फोन.

सौ_डोंबिवली
म्हणूनच म्हणते, स्टेरॉइड नकोच. एकदा सवय लागली की सुटत नाही.

एप्रनवाली
सौ, काका सांगतायत ते तगड्या मलमाबद्दल. १ टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यात सौम्य पायरीवर आहे. इसबात ते कमी आणि भीत भीत लावल्यामुळेच जास्त बिघडतं: चिमूटभर लावतात, दोन दिवसांत थांबतात, चार दिवसांनी परत उसळतं, आणि 'सवय लागली' असं वाटतं.

किती लावायचं त्याचं माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्याच्या रेघेपर्यंत मलमाची एक रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. तेवढं मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या, बोटांसकट, कातडीला पुरतं. ट्यूबचं तोंड बारीक असेल तर थोडं कमी भरतं, ते ध्यानात ठेवा. पावसाळीच्या बाळाचे दोन्ही गाल मिळून एका तळव्याहून कमी, म्हणजे पेरभर रेघेच्या अर्ध्याहूनही कमी. कोपराजवळच्या चट्ट्यांना तेवढंच. डॉक्टरांनी जितक्या वेळा सांगितलंय तितक्या वेळा, आणि चेहऱ्यावर सहसा पाच ते सात दिवस.

थांबायचं कधी? रंग बघून नाही, हात फिरवून. डोळे मिटून बोट फिरवा. चट्टा आणि बाजूची कातडी सारखीच गुळगुळीत लागली की थांबा. रंग मागे राहतोच. आपल्याकडच्या सावळ्या बाळांना लाली कमी दिसते, चट्टा काळपट, राखाडी किंवा जांभळट दिसतो, त्यामुळे 'लाल नाही म्हणजे बरं' हा हिशोब चुकतो.

लोअरपरेल_नाइटशिफ्ट
मॉइश्चरायझर आधी की मलम आधी? आमच्याकडे यावरून दोन तट आहेत.

एप्रनवाली
कुठलंही आधी चालेल, मध्ये वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. लागोपाठ लावलं तर मलम पातळ होऊन जिथे नको तिथेही पसरतं.
तट पडायचाच असेल तर मॉइश्चरायझरच्या मापावरून पडू द्या. या वयाच्या बाळाच्या पूर्ण अंगाला आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरते म्हणणाऱ्या घरात मॉइश्चरायझर लागतच नाहीये, दाखवलं जातंय. बिनवासाचं, घट्ट क्रीम घ्या. लोशनमध्ये पाणी जास्त असतं. महागडं नको असेल तर साधी पांढरी पेट्रोलियम जेली गालांना उत्तम. घडीत मात्र नाही, निदान बुरशी जाईपर्यंत नाही. बरणी असेल तर बोट बुडवू नका, स्वच्छ चमच्याने काढा. बोटावरचे जंतू बरणीत जातात आणि तिथून रोज परत गालावर.

विरारफास्ट
१०० ग्रॅम आठवड्याला! आमच्याकडे हा रेट फक्त तुपाचा आहे.

पावसाळी_गोरेगाव
मापाचं आज करून पाहिलं. आम्ही खरंच त्याच्या पावपट लावत होतो.
आता दुसरा प्रश्न. घरात रोज धुरी असते, मालिशवाल्या मावशी मोहरीच्या तेलाने जोरात चोळतात, मग पिठाने रगडून तेल काढतात. कपडे पावसात वाळत नाहीत. यात कोण गुन्हेगार?

आजीबाईचा_बटवा
धुरीला काही बोलू नका. ओवा, वावडिंग, शेणी. सर्दी होत नाही.

एप्रनवाली
आजी, धूर कातडीलाही टोचतो आणि छातीलाही. ज्या बाळाला इसब आहे त्याला पुढे दम्याची प्रवृत्ती असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, म्हणून धुरी आणि डासांची कॉइल दोन्ही नको. मच्छरदाणी लावा.

मालिशीत तेलापेक्षा रगडणं वाईट. इसबाच्या कातडीचा वरचा थर आधीच गळका असतो. त्यावर पीठ घासलं की तो सोलतो, आणि खरखरीत डाळीचं पीठ घडीत अडकून राहतं ते वेगळंच. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल हा थर आणखी विस्कटतं. खोबरेल त्या मानाने चालतं, कोरड्या न फुटलेल्या कातडीवर, हलक्या हाताने. मावशींना बंद करायला सांगू नका, घरात भांडण होईल. 'फक्त खोबरेल, फक्त पाय आणि पाठ, पीठ नाही' एवढं ठरवून घ्या.

लोअरपरेल_नाइटशिफ्ट
खोबरेलावर मी असहमत. या दमटपणात तेल लावलं की तासाभरात मानेवर घामोळं येतं. डिसेंबरात ठीक आहे, जुलैत नाही.

एप्रनवाली
मान आणि छातीच्या वरच्या भागापुरतं तुमचं बरोबर आहे. पायाला आणि पाठीला मला तितका त्रास दिसत नाही. बाळागणिक फरक पडतो.

पाळणाघर_पार्ले
कपड्यांचं माझं ठाम मत. मशीनमध्ये एकदा खळबळलेल्या कपड्यात डिटर्जंट राहतं, आणि घाम आला की तेच कातडीवर विरघळतं. बाळाचे कपडे एक जास्तीचं खळबळून काढा, वासाचं कंडिशनर बंद. अर्धवट सुकलेली झबली अंगात घालू नका, इस्त्री फिरवून पूर्ण कोरडी करा. लाळेऱ्यामागे प्लॅस्टिक असेल तर ते फेका. वरून कोरडं दिसतं, आत मानेला ओला पट्टा बसतो. सुती लाळेरी सहा-आठ ठेवा आणि ओलं झालं की बदला.

गालांसाठी एक: दात येण्याआधीची लाळ हाच या वयात गालांचा मोठा शत्रू. दूध पाजायच्या आधी आणि झोपवायच्या आधी गाल-हनुवटीला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. लाळ त्यावरून घसरते. सुगंधी वाइप्सने दर पाच मिनिटांनी गाल पुसणं बंद. साधं पाणी, टिपून.

मुलुंड_टँकर
आमच्या सोसायटीत महिन्यातले आठ दिवस टँकर. बोअरच्या पाण्याने वाढतं का? सॉफ्टनर बसवावा का?

एप्रनवाली
पालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं, बोअरचं बहुधा जड. जड पाण्यात साबण जास्त लागतो आणि तो कातडीवर राहतो. म्हणजे पाण्याइतकाच साबणाचा दोष. पण सॉफ्टनरवर खर्च करण्याआधी एवढं ऐका: इंग्लंडमध्ये इसब असलेल्या मुलांच्या घरी सॉफ्टनर बसवून पाहिले, २०११ साली निकाल आला, इसबात फरक पडला नाही. साबण बदला, आंघोळ कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आटपा आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा. बादलीत डेटॉल आणि कडुनिंबाचा काढा दोन्ही नको.

सौ_डोंबिवली
खाण्याचं कोणी बोलतच नाहीये. माझ्या बहिणीच्या मुलीचं दूध बंद केल्यावरच गेलं.

एप्रनवाली
काही बाळांच्या बाबतीत ते खरं असतं, म्हणून तुम्हाला खोडून काढत नाही. पण गालांवरच्या सौम्य इसबात, मलम आणि मॉइश्चरायझर नीट लावून तो आटोक्यात येत असेल, तर आईचं जेवण कापायचं कारण नाही. आई अशक्त होते आणि इसब तसाच राहतो. अॅलर्जीचा संशय केव्हा घ्यायचा? विशिष्ट पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या. किंवा शौचात रक्त आहे. किंवा सगळं नीट करूनही इसब हटत नाही. तेव्हा डॉक्टरांसोबत ठरवून एक पदार्थ ठरावीक आठवडे बंद करतात आणि परत सुरू करून बघतात. परत सुरू करणं महत्त्वाचं, नाहीतर कशाने गेलं ते कळत नाही. इसब आपला आपणही चढउतार करतो.

आणि सहाव्या महिन्यानंतर अंडं, शेंगदाण्याचं कूट असं वर्षभर लांबवू नका. इसब जोरात असेल तर सुरू करण्याआधी विचारा, एवढंच.

सौ_डोंबिवली
बरं. वांगं मात्र मी बंदच ठेवणार.

विरारफास्ट
ते बंद ठेवायला बाळाचं निमित्त कशाला?

पावसाळी_गोरेगाव
ताई, तिसरा प्रश्न आता घाईचा झालाय. मानेला डॉक्टरांनी क्लोट्रिमॅझोल दिलं, मान सुधारतेय. पण आज सकाळी डाव्या गालावर ओलं दिसलं, दुपारपर्यंत त्यावर पिवळी खपली. बाळ किरकिरं आहे. काखेत ताप मोजला, ३७.३. हायड्रोकॉर्टिसोन बंद करू का?

एप्रनवाली
खपलीचा रंग मधासारखा पिवळा, खालून चिकट पाणी येतंय, गाल हाताला गरम लागतोय आणि आटोक्यात आलेला चट्टा एका दिवसात उसळलाय, असं असेल तर स्टॅफिलोकॉकसचा संसर्ग धरून चाला आणि आजच दाखवा. रात्री आपत्कालीन विभागात धावायची गरज या क्षणी दिसत नाही, पण उद्यावरही ढकलू नका. संध्याकाळच्या ओपीडीत जा. जाण्याआधी खिडकीच्या उजेडात फोटो काढा.

खपली नखाने काढू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात सुती तुकडा भिजवून गालावर पाच-दहा मिनिटं ठेवा, सुटेल तेवढी अलगद टिपा. तुकडा धुऊन परत वापरू नका. घरात पडलेलं अँटिबायोटिक मलम आपल्या मनाने सुरू करू नका.

हायड्रोकॉर्टिसोनचं डॉक्टरांना विचारा, पण बहुतेक ते सुरूच ठेवायला सांगतील. इसब तसाच पेटता राहिला तर कातडी गळकी राहते आणि जंतू परत शिरतात. याला अपवाद एक, आणि तो फार महत्त्वाचा. आधी हे सांगा: गालावर एकसारख्या आकाराचे, जवळजवळ घोळक्याने आलेले बारीक फोड आहेत का? किंवा टोचा मारल्यासारखे छोटे गोल खड्डे?

पावसाळी_गोरेगाव
नाही. सलग खपली आहे, फोड नाहीत. ओपीडीत जायला निघतेय.

एप्रनवाली
छान. इतरांसाठी लिहून ठेवते.

ते गोल खड्डे म्हणजे हर्पिसचा विषाणू इसबाच्या कातडीत पसरला असण्याची खूण. सगळे साधारण एकाच मापाचे, दोन-तीन मिलिमीटरचे, कडा रेखीव, काहींवर रक्ताची काळपट खपली. इसब खाजतो, हे दुखतं. बाळ ताप काढतं, दूध ओढत नाही, मलूल पडतं. यात तास मोजायचे असतात. थेट मुलांच्या रुग्णालयात जा, मध्यरात्र असली तरी. परळचं वाडिया, नाहीतर केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल ते. तिथे असायक्लोविर सुरू करतात. डोळ्याजवळ असेल तर डोळ्यांचे डॉक्टरही लागतात. तपासून होईपर्यंत त्या भागावर स्टेरॉइड लावू नका. सुरुवातीला हे बरेचदा साध्या जंतुसंसर्गासारखं दिसतं, त्यामुळे अँटिबायोटिक सुरू करूनही फोड वाढत असतील तर पुन्हा दाखवा.
येतं कुठून? बरेचदा ओठाच्या कडेला तापाचा फोड आलेल्या नातेवाइकाच्या पापीतून.

लोअरपरेल_नाइटशिफ्ट
म्हणजे बारशाला आलेल्यांचे ओठ तपासायचे.

एप्रनवाली
ओठावर फोड असलेल्यांनी बाळाची पापी घ्यायची नाही, हे तोंडावर सांगायचं. वाईटपणा घ्या.

आणखी थोडं. लाली चट्ट्याबाहेर झपाट्याने पसरतेय, कातडी टणक आणि दुखरी आहे, डोळ्याभोवती सूज आहे, किंवा बाळ निपचित आहे, तर संध्याकाळची ओपीडी नाही, लगेच. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर कातडी कशीही दिसो, त्याच वेळी रुग्णालय.

गणूचा_बाबा
३८ म्हणजे आपल्या जुन्या थर्मामीटरवर किती?

केमिस्टकाका
१००.४. आणि पाऱ्याचा जुना थर्मामीटर आता ठेवून द्या, डिजिटल घ्या.

पावसाळी_गोरेगाव
दाखवून आलो. जंतुसंसर्गच. वजनावर मोजून अँटिबायोटिकचं सिरप दिलंय, हायड्रोकॉर्टिसोन गालाला चालू ठेवायला सांगितलं. घरातली मॉइश्चरायझरची उघडी बरणी फेकायला लावली, आम्ही सगळे त्यात बोटं घालत होतो.

केमिस्टकाका
सिरप पावडरचं असेल तर पाणी उकळून थंड करूनच खुणेपर्यंत घाला, आणि फ्रिजमध्ये ठेवायचं का ते लेबलवर बघा. चहाच्या चमच्याने देऊ नका, सोबतच्या सिरिंजने मोजून द्या. गाल दोन दिवसांत सुकला तरी कोर्स सांगितलेल्या दिवसांपर्यंत.

पावसाळी_गोरेगाव
दहा दिवसांनी लिहितेय. मान स्वच्छ. गाल हाताला गुळगुळीत. पण जिथे चट्टा होता तिथे आता पांढुरका डाग आहे. सासूबाई म्हणतायत कोड, आणि मलमाने झालं.

एप्रनवाली
दाह बसल्यावर सावळ्या कातडीचा रंग काही काळ फिका राहतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा आणि रेखीव असतो, हा पुसट, कडा विरघळलेल्या. काही आठवडे ते महिने लागतात, आपोआप भरतो. डागाला काही लावायचं नाही. मॉइश्चरायझर मात्र चालूच. चट्टा नाही म्हणून बंद केलं की पुढच्या दमट आठवड्यात परत पहिल्यापासून. खरखर परत बोटाला लागली की त्याच दिवशी मलम सुरू करायचं का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या.

विरारफास्ट
शेवटचं एकच. रात्री एसी लावायचा की नाही? आमचे ११ जण यावर फुटलेत.

एप्रनवाली
घामाने खाज वाढते, म्हणून मी २६ वर लावायला सांगते, झोत अंगावर नको.

पाळणाघर_पार्ले
आणि मी नको म्हणते. एसीत रात्रभर गाल कोरडे पडतात, सकाळी आमच्याकडे येतात ते तडकलेलेच. पंखा आणि एकच सुती झबलं.

एप्रनवाली
तडकतात कारण झोपताना मॉइश्चरायझर लावलेलं नसतं.

पाळणाघर_पार्ले
ते तुम्ही पालकांना सांगा, मी सांगून थकले.

विरारफास्ट
थोडक्यात, बिल मीच भरायचं.